मूळव्याधीच्या ऑपरेशननंतर रजेचा अर्ज: किती दिवस मागायचे आणि हलकं काम कसं लिहायचं

मूळव्याधीच्या ऑपरेशनसाठी येणारे बहुतेक अर्ज एकाच साच्याचे असतात: ‘तब्येतीच्या कारणास्तव पंधरा दिवस रजा मिळावी ही विनंती.’ असे कितीतरी अर्ज मी आस्थापनेच्या टेबलावर वाचले आहेत. रजा मिळते, त्यात फारशी अडचण येत नाही. अडचण सुरू होते माणूस कामावर परत आल्यावर. कागदावर तो ‘बरा होऊन’ आलेला असतो, त्यामुळे सुपरवायझर त्याला नेहमीचं काम देतो आणि अजून न भरलेल्या जखमेसह तो खोके उचलत किंवा सलग चार तास खुर्चीत बसून राहतो. मग रक्त दिसतं, पुन्हा सुट्टी, पुन्हा फोन, आणि या वेळी सुट्टीचा कागदही नसतो.

म्हणून अर्जात दोन वेगळ्या मागण्या असायला हव्यात. पहिली पूर्ण विश्रांतीची रजा, दुसरी त्यानंतरच्या काही आठवड्यांचं हलकं काम. दोन्हींच्या तारखा वेगळ्या, दोन्हींना डॉक्टरांचा आधार वेगळा. हा लेख नियोजित ऑपरेशनसाठी आहे, म्हणजे तारीख आधी ठरलेली आहे आणि अर्ज करायला आठवडाभर तरी हाताशी आहे असं धरून.

आधी डॉक्टर, मग अर्ज

किती दिवस मागायचे हे शेजाऱ्याच्या अनुभवावरून ठरवू नका. मूळव्याधीची ऑपरेशनं एकसारखी नसतात. कोंब कापून जखम उघडी ठेवतात ते जुन्या पद्धतीचं ऑपरेशन सगळ्यात जास्त दुखतं आणि ती जखम पूर्ण भरायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. माणूस त्याआधी, दोन-तीन आठवड्यांत, बैठं काम करू लागतो, पण जखम तोवर भरलेली नसते. स्टेपलर किंवा लेझरने केलेल्या ऑपरेशननंतर अनेक जण आठवडा-दहा दिवसांत कामावर येतात. नुसतं रबरबँड लावलं असेल तर एक-दोन दिवस पुरे होतात. तेव्हा ‘पाइल्सचं ऑपरेशन’ एवढं सांगून दिवस ठरत नाहीत.

सर्जनकडे शेवटच्या तपासणीला जाल तेव्हा चार प्रश्न लिहून न्या. ऑपरेशन कोणत्या पद्धतीने होणार, आणि आत गेल्यावर पद्धत बदलण्याची शक्यता आहे का? किती दिवस पूर्ण विश्रांती? त्यानंतर किती आठवडे वजन उचलायचं नाही, आणि किती किलोपर्यंत चालेल? सलग किती वेळ बसायचं किंवा उभं राहायचं? शेवटचे दोन प्रश्न विचारताना आपलं काम नीट सांगा. ‘कंपनीत आहे’ म्हटलं तर डॉक्टर ऑफिसची खुर्ची डोळ्यांसमोर आणतात. ‘दिवसाला वीस किलोचे तीस-चाळीस खोके उतरवतो’ म्हटलं की सल्ला बदलतो.

कागद दोन टप्प्यांत मिळतात. ऑपरेशनच्या आधी मिळतं ते सल्ल्याचं पत्र: अमुक तारखेला भरती, अमुक शस्त्रक्रिया, अंदाजे इतके दिवस विश्रांती. अर्जाला हेच जोडायचं. डिस्चार्जनंतर मिळतं ते खरं वैद्यकीय प्रमाणपत्र, तारखांसह. त्यावर तुमचं नाव कार्यालयात आहे तसंच असावं, विश्रांतीची ‘पासून–पर्यंत’ तारीख, डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक असावा. क्षारसूत्र किंवा तत्सम उपचार आयुर्वेदिक सर्जनकडे घेतले असतील तर त्यांचाही नोंदणी क्रमांक हवाच. प्रमाणपत्र देताना डॉक्टर ते आपल्या नोंदवहीत चढवतात, त्यामुळे मागच्या तारखेचं प्रमाणपत्र मागून त्यांना अडचणीत आणू नका. डिस्चार्ज कार्ड किंवा केस पेपरची प्रत रेंगाळली तर लेखी मागा. वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने मागितल्यापासून ७२ तासांत कागद द्यायचे असतात.

आजाराचं नाव लिहायचं का

या आजाराबद्दल बोलायचा संकोच सगळ्यांनाच असतो आणि त्यात काही चुकीचं नाही. पण संकोचापायी ‘पोटाचं ऑपरेशन’ किंवा ‘हर्निया’ लिहू नका. पुढे प्रमाणपत्रावर आणि डिस्चार्ज कार्डावर डॉक्टर शस्त्रक्रियेचं खरं नाव लिहिणारच. दोन कागद जुळले नाहीत की खऱ्या आजारावरही संशय घेतला जातो, आणि मेडिक्लेम कंपनीमार्फत असेल तर तिथेही तोच घोळ.

खोटं न लिहिता झाकता येतं. अर्जात फक्त ‘नियोजित शस्त्रक्रिया’ लिहा आणि ‘तपशील सोबतच्या वैद्यकीय पत्रात आहे, तो मनुष्यबळ विभागापुरता ठेवावा’ असं पुढे जोडा. हे पत्र बंद पाकिटात द्या किंवा ईमेल थेट मनुष्यबळ विभागाला करा. सुपरवायझरला फक्त तारखा आणि कामावरची बंधनं कळायला हवीत, आजार कळायची गरज नाही. डॉक्टरांना विनंती केलीत तर काही जण ‘अॅनोरेक्टल सर्जरी’ एवढंच लिहून देतात. तेही खरंच आहे आणि रजेसाठी सहसा पुरतं. मेडिक्लेमच्या कागदांत मात्र नेमकं निदान लागतंच.

जखमेचे फोटो, तपासणीचे रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या अर्जाला जोडायची काही गरज नाही. कोणी मागितले तर प्रमाणपत्र पुरेसं आहे असं शांतपणे सांगा.

दिवस मोजणं

इथून पुढे एक उदाहरण धरून चालू. कळव्याला राहणारा एक जण विक्रोळीच्या कंपनीत स्टोअरमध्ये आहे. आलेला माल उतरवून घेणं, खोके रॅकवर लावणं, माल मिळाल्याच्या पावतीची म्हणजे जीआरएनची नोंद संगणकावर करणं, रॅकवरच्या मालाची आवक-जावक दाखवणारं बिनकार्ड भरणं, आणि अधूनमधून कंपनीच्या बाइकवरून दुसऱ्या गोदामात पार्ट पोचवणं असं त्याचं काम. आठवड्याला सहा दिवस, रविवारी सुट्टी. जुन्या पद्धतीचं ऑपरेशन शुक्रवार ६ फेब्रुवारी २०२६ ला, भरती आदल्या दिवशी, डिस्चार्ज बहुधा शनिवारी. डॉक्टरांनी साधारण अडीच आठवडे विश्रांती सांगितली आहे आणि त्यानंतर तीन आठवडे वजन उचलायला मनाई.

भरती ५ तारखेला, म्हणून रजा ५ फेब्रुवारीपासून. बावीसला रविवार येतो, म्हणून रजा २२ पर्यंत आणि हजर सोमवार २३ ला. कॅलेंडरवर हे १८ दिवस. त्यातले ८, १५ आणि २२ हे तीन रविवार, आणि १९ ला शिवजयंती, जी या कंपनीत सुट्टीच्या यादीत आहे. उरले कामाचे १४ दिवस. अर्जात दोन्ही आकडे लिहा: एकूण १८, कामाचे १४. बऱ्याच कंपन्या रजेच्या मधे आलेले रविवार आणि सुट्ट्याही रजेत धरतात. तुमच्या कंपनीचा नियम काय हे आधी विचारून घ्या, नाहीतर पगाराच्या दिवशी चार दिवस कापलेले दिसतात आणि मग भांडायला कागद नसतो.

पुढचा प्रश्न हे १४ दिवस कोणत्या खात्यातून जाणार. मुंबईतल्या बऱ्याच दुकानांना आणि कार्यालयांना लागू असलेल्या महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आजारपणाची अशी वेगळी रजा नाही. त्यात वर्षाला ८ नैमित्तिक रजा आहेत, आणि वर्षात २४० दिवस काम केलेल्याला दर २० दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजा. ही पगारी रजा ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. आजारपणाची रजा वेगळी मिळत असेल तर ती कंपनीच्या स्वतःच्या नियमाने. कारखान्याला मात्र हा कायदा लागू नसतो, तिथले रजेचे नियम वेगळे. आपल्या उदाहरणातल्या माणसाकडे आजारपणाच्या ७ आणि साठलेल्या पगारी रजा ७ पेक्षा जास्त आहेत, म्हणून त्याने सात-सात अशी विभागणी स्वतःच लिहून दिली. तुम्ही लिहिलं नाही तर कारकून त्याच्या सोयीने लिहितो.

ज्यांचा पगार ₹२१,००० पर्यंत आहे आणि ज्यांची ईएसआय कापली जाते, त्यांचा रस्ता निराळा. त्यांना आजारपणाच्या दिवसांचा पैसा कंपनी देत नाही, ईएसआय देते. सरासरी रोजंदारीच्या ७० टक्के, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस, आणि सुरुवातीचे दोन दिवस सहसा त्यात धरत नाहीत. पण त्यासाठी प्रमाणपत्र ईएसआयच्या डॉक्टरांचं लागतं. ऑपरेशन बाहेरच्या नर्सिंग होममध्ये करून नंतर तिथला कागद घेऊन दवाखान्यात गेलात तर धावपळ होते. शक्य असेल तर आधी आपल्या ईएसआय दवाखान्यात दाखवा. मुलुंड, कांदिवली, वरळी, परळ इथे त्यांची रुग्णालयं आहेत आणि तिथून रेफर होता येतं.

राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना १९८१ चे रजा नियम लागू होतात. तिथे वैद्यकीय प्रमाणपत्रावर परिवर्तित रजा घेता येते, पण एका दिवसाच्या परिवर्तित रजेसाठी अर्धवेतन रजेच्या खात्यातून दोन दिवस वजा होतात हे लक्षात ठेवून अर्ज करा.

हलकं काम: शरीराबद्दल नको, कामाबद्दल लिहा

अर्जाचा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात वाईट लिहिला जाणारा भाग हा. ‘मला त्रास होत असल्याने हलके काम द्यावे’ या वाक्यावर सुपरवायझर काय करणार? हलकं म्हणजे काय हे त्याला माहीत नाही, तुम्हालाही सांगायची लाज वाटते, आणि शेवटी चार दिवस जपून सगळं पूर्ववत होतं.

आधी हे कळायला हवं की बंधनं कशासाठी आहेत, म्हणजे ती नेमकी लिहिता येतात. वजन उचलताना आपण श्वास रोखून पोटावर जोर देतो. तोच जोर कुंथताना येतो आणि तोच ताज्या जखमेतून रक्त काढतो. सलग बसून राहिलं की त्या भागावर दाब येतो आणि सूज वाढते. दिवसभर उभं राहिलं तरी आराम नसतो, म्हणून थोडं बसणं, थोडं उठणं लागतं. पोट मऊ राहावं म्हणून औषध चालू असतं, त्यामुळे शौचाची भावना अचानक येते. ती दाबून ठेवली तर मळ घट्ट होतो आणि पुढच्या वेळी जखम पुन्हा फाटते. घरी दिवसातून दोन-तीनदा आणि प्रत्येक शौचानंतर दहा-पंधरा मिनिटं कोमट पाण्याच्या टबात बसायला सांगतात. ऑफिसमध्ये ते जमत नाही, म्हणून कामावर जायच्या आधी आणि घरी आल्यावर वेळ हवा. दुखण्याच्या काही गोळ्यांनी गुंगी येते, त्या चालू असेपर्यंत बाइक नको.

आता हे सगळं स्टोअरच्या कामात बसवू. आपला माणूस आपलं काम दोन भागांत मांडतो. करू शकेन ते: जीआरएन नोंद, बिनकार्ड, चलनं जुळवणं, पुरवठादारांचे फोन, हातात मावेल एवढ्या पार्टची मोजणी. करू शकणार नाही ते: पाच किलोपेक्षा जास्त वजन उचलणं किंवा ढकलणं, टेम्पोतून माल उतरवणं, शिडीवरून खोके काढणं, बाइकवरून पोचवणं. पाच किलो हा आकडा त्याच्या डॉक्टरांचा आहे, तुमचे डॉक्टर वेगळा सांगतील. आकडा मात्र हवाच. ‘जड वस्तू’ म्हणजे काय यावर स्टोअरमध्ये दिवसभर वाद घालता येतो, पाच किलोवर नाही.

‘करू शकेन ते’ आधी लिहिण्याचं कारण आहे. मॅनेजरला तुमच्या दुखण्यापेक्षा त्याच्या माणसांची जुळणी सतावत असते. तीन आठवडे संगणकावरची सगळी नोंद तुम्ही कराल आणि त्या बदल्यात नोंद करणारा सहकारी माल उतरवेल, अशी अदलाबदल तुम्हीच सुचवली की त्याला फक्त हो म्हणायचं राहतं. सहकाऱ्याशी आधी बोलून घ्या. त्याच्या पाठीमागे त्याचं काम वाढवणं बरोबर नाही.

बैठ्या नोकरीवाल्यांनीही हलकं काम मागायला हवं, हे बऱ्याच जणांच्या ध्यानातच येत नाही. कॉल सेंटरमध्ये, बँकेच्या काउंटरवर किंवा टोलच्या केबिनमध्ये उठायची मुभा नसते. तिथे मागणी अशी: दर पाऊण तासाने पाच मिनिटं उठण्याची सोय, स्वच्छतागृहाला जाण्यासाठी परवानगी विचारावी लागू नये, आणि शक्य असेल तर पहिला आठवडा घरून काम.

राहिला लोकलचा प्रवास. सकाळी कळव्याहून धीम्या गाडीत चढणं म्हणजे रेटारेटी, आणि रेटारेटी म्हणजे पुन्हा तोच पोटावरचा जोर. गर्दी टाळायला वेळ सरकवून मागा. मात्र शब्द नेमके ठेवा: कामाचे तास कमी करायचे आहेत की फक्त पुढे ढकलायचे आहेत? ‘लवकर सोडावे’ असं लिहिलंत तर अर्धा दिवस लागू शकतो. ‘नऊ ते साडेपाचऐवजी साडेदहा ते सात’ असं लिहिलंत तर तास तेवढेच राहतात.

एक मर्यादा स्पष्ट सांगते. तात्पुरत्या आजारपणात हलकं काम द्यायलाच हवं असा सर्वसाधारण नियम खाजगी नोकरीत नाही. म्हणून ही विनंती आहे, आणि ती नाकारली गेली तर काय, हेही अर्जातच लिहून ठेवायचं. डॉक्टरांना सांगा की प्रमाणपत्रात ‘असे हलके काम उपलब्ध नसल्यास या मुदतीत विश्रांती आवश्यक’ असं एक वाक्य घाला. अर्जातही तेच वाक्य येऊ द्या. त्यामुळे मालकापुढे दोन पर्याय उरतात आणि दोन्ही तुमच्या जखमेला सुरक्षित असतात.

अर्जाचा नमुना

कंपनीचा व्यवहार इंग्रजीत असेल तर हाच क्रम ठेवून इंग्रजीत लिहा. क्रम महत्त्वाचा.

> दिनांक: २७ जानेवारी २०२६
>
> प्रति,
> मा. व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग
> (कंपनीचे नाव), विक्रोळी, मुंबई
>
> मार्फत: स्टोअर प्रमुख
>
> विषय: दि. ५ ते २२ फेब्रुवारी २०२६ या काळात शस्त्रक्रियेसाठी रजा आणि दि. २३ फेब्रुवारी ते १५ मार्च २०२६ या काळात हलके काम मिळण्याबाबत
>
> महोदय,
>
> मी (नाव), कर्मचारी क्रमांक (…), स्टोअर विभागात काम करतो. शुक्रवार, दि. ६ फेब्रुवारी रोजी माझ्यावर नियोजित शस्त्रक्रिया होणार असून दि. ५ रोजी मला रुग्णालयात दाखल व्हायचे आहे. शस्त्रक्रियेचा तपशील डॉक्टरांच्या बंद पाकिटातील पत्रात आहे. तो मनुष्यबळ विभागापुरता ठेवावा, ही विनंती.
>
> रजा: डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार मला दि. ५ ते २२ फेब्रुवारी अशी एकूण १८ दिवस विश्रांती आवश्यक आहे. यात तीन रविवार व १९ फेब्रुवारीची सुट्टी असून कामाचे दिवस १४ आहेत. त्यापैकी दि. ५ ते १२ चे ७ दिवस आजारपणाच्या रजेतून व दि. १३ ते २१ चे ७ दिवस साठलेल्या पगारी रजेतून मंजूर करावेत. सोमवार, दि. २३ फेब्रुवारी रोजी मी हजर होईन.
>
> हलके काम: दि. २३ फेब्रुवारी ते १५ मार्च या तीन आठवड्यांत मी जीआरएन नोंद, बिनकार्ड, चलन पडताळणी व पुरवठादारांशी संपर्क ही कामे पूर्णवेळ करू शकेन. या काळात पाच किलोपेक्षा जास्त वजन उचलणे किंवा ढकलणे, माल उतरवणे, शिडीवरील काम व दुचाकीवरून वाहतूक यांपासून मला सूट द्यावी. दर पाऊण तासाने पाच मिनिटे उठण्याची व गरजेनुसार स्वच्छतागृहात जाण्याची मुभा असावी. गर्दीतील प्रवास टाळण्यासाठी कामाची वेळ साडेदहा ते सात अशी ठेवावी. एकूण तास तेवढेच राहतील. असे काम देणे शक्य नसल्यास, वैद्यकीय सल्ल्यानुसार या मुदतीत माझी रजा वाढवावी.
>
> माझ्या गैरहजेरीत नोंदींचे काम (सहकाऱ्याचे नाव) पाहतील, असे त्यांच्याशी बोलून ठरवले आहे. डिस्चार्जनंतर वैद्यकीय प्रमाणपत्र व हजर होताना तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र सादर करीन. प्रकृतीमुळे मुदतीत बदल झाल्यास दि. २० फेब्रुवारीपर्यंत लेखी कळवीन.
>
> आपला विश्वासू,
> (सही, नाव, मोबाइल क्रमांक)
>
> सोबत: डॉक्टरांचे सल्ल्याचे पत्र (बंद पाकीट)

पूर्ण काम १६ मार्चपासून, म्हणजे ऑपरेशननंतर साधारण साडेपाच आठवड्यांनी. जखम भरायच्या चार ते सहा आठवड्यांच्या हिशोबात हे बसतं. लेझरचं ऑपरेशन असेल तर याच नमुन्यात रजा आठ-दहा दिवसांची आणि हलकं काम एक-दोन आठवड्यांचं होईल. मात्र लेझर ठरलेलं असताना आत गेल्यावर सर्जनने दुसरी पद्धत वापरली तर डिस्चार्जनंतर लगेच सुधारित तारखा कळवा, रजा संपायची वाट पाहू नका.

देताना

छापील अर्ज दिलात तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का मिळत नसेल तर त्याच दिवशी तोच अर्ज ईमेलने पाठवा. पोर्टलवर रजा टाकायची पद्धत असेल तर पोर्टलच्या छोट्या चौकटीत तारखा आणि ‘सविस्तर अर्ज ईमेलने’ एवढं लिहा, हलक्या कामाची मागणी त्या चौकटीत मावत नाही. सुपरवायझरला व्हॉट्सअ‍ॅपवर कळवायला हरकत नाही: ‘सर, ५ ते २२ फेब्रुवारी ऑपरेशनसाठी रजेचा अर्ज एचआरला दिला आहे. २३ ला येतो. पुढचे तीन आठवडे वजन उचलायला डॉक्टरांनी मनाई केली आहे, एन्ट्रीचं सगळं काम मी करेन.’ पण नुसत्या मेसेजवर विसंबून रजेवर जाऊ नका, आणि मंजुरीचं उत्तर आलं की ते जपून ठेवा.

रजा वाढवायची वेळ आली तर

या ऑपरेशनमध्ये सगळं ठीक चाललं असताना साधारण पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात अचानक रक्तस्राव होऊ शकतो. शौचाला थोडं रक्त दिसणं सुरुवातीला अपेक्षित असतं. मात्र रक्त थांबत नसेल, गाठी पडत असतील, चक्कर येत असेल, ताप किंवा पू असेल, लघवी अडली असेल तर तेव्हाच डॉक्टरांकडे जायचं. अर्जाचा विचार नंतर. रुग्णालयातून घरच्या माणसाने एक ओळीचा मेसेज केला तरी त्या दिवसापुरतं भागतं.

दुखणं नुसतं अपेक्षेपेक्षा हळू कमी होत असेल तर मात्र आधी ठरवता येतं. रजा संपायच्या दोन-तीन दिवस आधी डॉक्टरांकडे जा, वाढीव मुदतीचं नवीन प्रमाणपत्र घ्या, आणि पहिल्या अर्जाच्या तारखेचा संदर्भ देऊन वाढीव रजेचा अर्ज करा. वाढीव रजा २३ पासून सुरू व्हायला हवी. २३ आणि २४ चा कुठेच उल्लेख नाही आणि नवीन प्रमाणपत्र २५ पासूनचं आहे, असं झालं की ते दोन दिवस विनापरवानगी गैरहजेरी ठरतात. सगळ्यात जास्त पगार मी याच फटीत कापलेला पाहिला आहे.

हजर होताना

‘ड्यूटीवर येण्यास तंदुरुस्त’ असा छापील कागद अनेक दवाखान्यांत तयार असतो. डॉक्टर सही करतात, तुम्ही तो मनुष्यबळ विभागाला देता, आणि तुमची हलक्या कामाची सगळी मागणी त्या एका ओळीने पुसली जाते. तुम्ही पूर्ण तंदुरुस्त आहात असं तुमचेच डॉक्टर सांगत आहेत, मग सवलत कशाला? म्हणून त्या कागदावर हे लिहून घ्या: ‘दि. २३ फेब्रुवारी ते १५ मार्च हलक्या कामासाठी तंदुरुस्त. पाच किलोपेक्षा जास्त वजन उचलू नये. १६ मार्चपासून नेहमीच्या कामासाठी तंदुरुस्त, पुनर्तपासणीनंतर.’ हा कागद वाचून घेतल्याशिवाय दवाखान्यातून निघू नका.

हजर झाल्याच्या दिवशी स्टोअर प्रमुखासमोर बसून कामाची वाटणी तोंडी ठरवा आणि संध्याकाळी तीच वाटणी दोन ओळींच्या ईमेलने सगळ्यांना पाठवा. गाडी आली, माणूस कमी आहे, ‘जरा हात लाव’ असं कोणी म्हणालं तर तिथेच नम्रपणे नाही म्हणा आणि पर्याय द्या: ‘मी चलन तपासतो, उतरवायला तिसऱ्या रॅकवरच्या मुलाला बोलवा.’ तरीही जबरदस्तीने वजन उचलायला लावलं तर त्याच दिवशी मनुष्यबळ विभागाला लिहा: तारीख, वेळ, काय उचलायला लावलं, आणि मंजूर अर्जाचा संदर्भ. त्यानंतर रक्त आलं तर डॉक्टरांना दाखवताना हेही त्यांना सांगा, म्हणजे केस पेपरवर त्याची नोंद होईल.

पंधरा मार्चच्या आधीच्या आठवड्यात पुनर्तपासणी करून घ्या. जखम भरली असेल तर १६ पासून नेहमीचं काम सुरू करत असल्याचं कळवा. भरली नसेल तर डॉक्टरांच्या नव्या तारखेसह हलक्या कामाची मुदत वाढवून मागा, आणि तोही अर्ज १५ तारखेच्या आत द्या.